जुन्या संहितांची मालिका करताना साइन-ऑफ, पालुपद आणि सदरांची नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने लेख, व्याख्यानं किंवा सुटे व्हिडिओ एकत्र करून त्यांची मालिका नव्याने लिहायला घेतली, की माहिती जुळते पण आवाज जुळत नाही. एक भाग 'नमस्कार मित्रांनो'ने उघडतो, दुसरा थेट सनावळीत शिरतो, तिसरा 'धन्यवाद'वर संपतो. भाग एकाच मालिकेचे वाटावेत म्हणून तीन गोष्टी कामाला येतात: प्रत्येक भागात त्याच जागी येणारी सदरं, प्रवासात एकदा कानावर पडणारं पालुपद आणि शेवटचं ठरलेलं वाक्य, म्हणजे साइन-ऑफ.

उत्तरांमध्ये एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. समजा पुण्याच्या पाण्यावरची आठ भागांची श्राव्य मालिका आहे, प्रत्येक भाग साधारण बारा मिनिटांचा. भाग असे: कात्रजचा तलाव, तिथून निघालेला दगडी नळ, त्या नळावरचे उच्छ्वास, शनिवारवाडा, पेठांतले हौद, खडकवासला, १९६१चा पानशेतचा पूर आणि २०१९चा आंबिल ओढ्याचा पूर. मूळ मजकूर तीन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या निमित्ताने लिहिलेला आहे.

तिन्हींपैकी आधी काय ठरवायचं?

सदरं आधी, मग पालुपद, साइन-ऑफ सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात, कारण साइन-ऑफ सुचायला मजा येते. पण साइन-ऑफला भाग कुठे येऊन थांबतो हे माहीत असावं लागतं आणि ते सदरांचा क्रम लागल्याशिवाय कळत नाही. आधी सुचलेलं सुंदर वाक्य मग सहाव्या भागात अडतं आणि ते वाचवण्यासाठी भागाचा शेवट वाकवावा लागतो.

जुन्या संहितांवर काम कुठून सुरू करायचं?

सगळे भाग छापून घ्या. प्रत्येकाचे पहिले शंभर आणि शेवटचे शंभर शब्द तेवढेच सलग, मोठ्याने वाचा. मधला मजकूर वाचू नका. आठ सुरुवाती आणि आठ शेवट एकापाठोपाठ कानावर पडले की विसंगती लगेच कळते: कुठे 'आपण', कुठे 'आम्ही', कुठे 'पाहूया', कुठे 'पाहणार आहोत'.

मग मधला मजकूर वाचताना समासात फक्त एवढंच लिहा, की हा परिच्छेद काय काम करतो. 'जागा दाखवतो', 'पुरावा देतो', 'कसं चालायचं ते सांगतो', 'आडवाटेला जातो'. विषय लिहू नका, काम लिहा. आठही भाग झाले की समासातल्या नोंदी शेजारी ठेवा. जे काम निदान सहा भागांत सापडतं ते सदर होऊ शकतं. दोनच भागांत सापडणाऱ्या कामाला नाव देऊ नका, नाहीतर उरलेल्या सहा भागांत ते सदर भरण्यासाठी मजकूर ओढूनताणून आणावा लागेल.

आपल्या उदाहरणात तीन कामं सगळीकडे सापडतात. प्रत्येक भाग आजच्या पुण्यातल्या एखाद्या जागेपासून निघतो. प्रत्येकात एखादा दस्तऐवज, नकाशा किंवा छापील बातमी येते. आणि प्रत्येकात मध्यावर कुठेतरी लेखकाने एखादी लहानशी आडगोष्ट सांगितली आहे, जी काढली तरी मुख्य धागा तुटत नाही.

सदरांना नावं कशी द्यायची?

नाव त्या कामावरून द्या आणि आठही भागांवर लावून बघा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. सुचलेलं नाव बहुधा पहिल्या दोन भागांतून आलेलं असतं आणि पुढे लंगडतं.

पुराव्याच्या सदरासाठी पहिलं नाव सहज सुचतं ते 'पेशवेकालीन नोंद'. कात्रजचा नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, म्हणून पाच भाग ते छान चालतं. सहाव्या भागात खडकवासल्याचं धरण येतं, ते ब्रिटिश अमदानीतलं. नाव तिथेच गळून पडलं. 'हौदावरच्या गप्पा' हेही पेठांतून बाहेर पडल्यावर निरर्थक होतं. 'इतिहासाच्या पानांतून' सगळीकडे बसतं, पण ते जगातल्या कुठल्याही मालिकेत बसेल, त्यामुळे ते नसल्यासारखंच. 'कागद काय सांगतो' मात्र पेशवे दप्तराला चालतं, ब्रिटिश नकाशाला चालतं आणि २०१९च्या वर्तमानपत्रालाही चालतं. शिवाय त्यात एक वचन आहे: कागद सांगतो तेवढंच इथे येईल, लेखकाचा तर्क येणार नाही. असं बंधन घालणारं नाव लिहिणाऱ्याला शिस्त लावतं आणि मालिकेच्या सातत्याला त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.

सुरुवातीच्या सदराचं नाव 'आजचा पत्ता'. पुणेकराला खुणेवरून पत्ता सांगण्याची सवय आहे, त्यामुळे सदराचा साचाही त्यातूनच मिळतो: कुठल्या चौकातून वळायचं, डाव्या हाताला काय लागतं, आज तिथे काय उभं आहे. मधल्या आडगोष्टीचं नाव 'उच्छ्वास'. कात्रजच्या नळावर ठरावीक अंतराने बांधलेले हवा सोडणारे दगडी खांब, त्यांना उच्छ्वास म्हणतात. श्रोता मध्यावर जरा मोकळा श्वास घेतो, म्हणून नाव चपखल आहे. पण इथे एक अडचण आहे. उच्छ्वास म्हणजे काय हे तिसऱ्या भागात येतं आणि सदर पहिल्या भागापासून आहे. उपाय सोपा: पहिल्या भागातल्या पहिल्याच 'उच्छ्वास'मध्ये ते खांब काय आहेत हे चार वाक्यांत सांगून टाका आणि तिसरा भाग तपशिलासाठी राखून ठेवा.

मुख्य कथनाला नाव देऊ नका. ते प्रत्येक भागात वेगळ्या आकाराचं असतं आणि नाव दिलं की त्याला नको तो साचा बसतो. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग अशी नावं आहेत, पण ती निरूपण आणि आख्यान या दोन वेगळ्या कामांची नावं आहेत. त्या पूर्वरंगात अभंग कुठला घ्यायचा हे बुवांवर सोपवलेलं असतं. तेवढीच मोकळीक मुख्य कथनाला द्या.

नाव चाललं की नाही, हे कसं तपासायचं?

संहिता न वाचलेल्या कुणालातरी फक्त नावं सांगा आणि विचारा, इथे काय ऐकायला मिळेल असं वाटतं? 'कागद काय सांगतो' ऐकून माणूस 'जुनी कागदपत्रं असतील' म्हणाला, तर काम झालं. 'उच्छ्वास' ऐकून त्याला काहीच कळलं नाही तर हरकत नाही, एक नाव कोड्यासारखं असलेलं चालतं. तीनही नावं कोडी असतील तर श्रोता हरवतो.

दुसरी तपासणी तोंडाची. नाव 'आणि आता' यानंतर मोठ्याने म्हणा. 'आणि आता, कागद काय सांगतो' सहज निघतं. 'आणि आता, ऐतिहासिक दस्तऐवज-दर्शन' म्हणताना जीभ अडखळते. तीन शब्दांपुढे नाव नेऊ नका.

पालुपद कुठून आणायचं?

बाहेरून आणू नका, संहितेतच शोधा. प्रत्येक भागात एक क्षण असतो, जिथे प्रश्न संपतो आणि उलगडा सुरू होतो. तिथे जुन्या लेखकांनी काहीतरी लिहिलेलंच असतं: 'आता हे कसं शक्य झालं ते पाहू', 'याचं उत्तर भूगोलात आहे', 'जमिनीचा चढ-उतार लक्षात घेतला तर'. ही वाक्यं आठही भागांतून काढून एका कागदावर उतरवा. त्यांच्यात एक सामाईक हालचाल दिसेल. इथे ती उघड आहे. कात्रजचं पाणी पंपाशिवाय, फक्त उताराच्या जोरावर शहरात यायचं. पुरातही पाणी उताराच्या वाटेनेच घरांत शिरलं. म्हणजे मालिकेतल्या जवळपास प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जमिनीच्या उतारात आहे. म्हणून पालुपद: 'आधी उतार शोधू.'

तीन शब्द, एक कृती, आणि श्रोत्याला सोबत घेणारा 'आपण' त्यात न बोलता आला आहे. पालुपद सहा शब्दांच्या आत ठेवा. विशेषणं घालू नका. 'आधी तो अदृश्य उतार शोधू' हे पहिल्यांदा ऐकायला बरं वाटतं, पण तिसऱ्या भागापासून 'अदृश्य' खुपायला लागतं. क्रियापदावर उभं असलेलं वाक्य वारंवार ऐकूनही विटत नाही, विशेषणावरचं लवकर विटतं.

ते भागात किती वेळा यावं?

एकदा. बारा मिनिटांत दोनदा आलं तर निवेदकाची लकब वाटते, तीनदा आलं तर श्रोता मोजायला लागतो. जागा ठरलेली ठेवा: प्रश्न उभा राहिल्यानंतर, पहिला पुरावा येण्याआधी. मिनिट-सेकंद ठरवू नका. एखाद्या भागात प्रश्न तिसऱ्या मिनिटाला उभा राहील, एखाद्यात पाचव्या. श्रोत्याच्या कानाला घड्याळातली जागा कळत नाही, प्रश्नानंतरची जागा मात्र कळते.

जुन्या मजकुरात पालुपद घातलं की ते चिकटवल्यासारखं का वाटतं?

कारण आजूबाजूची वाक्यं जुनीच राहतात. पाचव्या भागातला मूळ मजकूर असा होता असं समजा:

'पेशव्यांच्या काळात पुण्याच्या पेठांमध्ये अनेक हौद होते. हे हौद कात्रजच्या पाण्याने भरत असत. आता प्रश्न असा पडतो की हे पाणी येथपर्यंत येत कसे होते? तर मित्रांनो, हे पाणी गुरुत्वाकर्षणाने येत होते.'

प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये 'आधी उतार शोधू' ठेवून बघा. दोन गोष्टी खटकतात. एक, शोधू म्हटल्यावर शोधायला जागाच उरत नाही, पुढच्याच वाक्यात उत्तर हातात ठेवलं आहे. दोन, 'येत कसे होते' ही लिखित भाषा आहे आणि 'शोधू' ही बोलण्यातली. आता तोच भाग नव्याने:

'पेठेतल्या हौदाशी उभं राहिलं की पंप दिसत नाही, रहाट दिसत नाही. तरी हौद भरायचा. आधी उतार शोधू. कात्रजचा तलाव शहराच्या दक्षिणेला, उंचावर. पेठा त्याच्या खाली, आणि पेठांच्याही पलीकडे, आणखी खाली, मुठा. तलाव आणि नदी यांच्यामध्ये जमीन सगळा वेळ उतरतेच आहे.'

इथे प्रश्नचिन्हच नाही, 'तरी हौद भरायचा' हे वाक्य प्रश्नाचं काम करतं. पालुपदानंतर खरंच उतार शोधला जातो, दक्षिणेकडून नदीकडे. गुरुत्वाकर्षण हा शब्द उच्चारावाच लागत नाही. नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर एवढंच: पालुपदाआधीची दोन आणि नंतरची तीन वाक्यं प्रत्येक भागात नव्याने लिहायचीच, जुनी कितीही चांगली असली तरी.

साइन-ऑफ कसं घडवायचं?

पहिला प्रयत्न बहुतेक असा होतो: 'आजचं पाणी पोचलं कात्रजपर्यंत. पुढची वाट पुढच्या भागात.' कागदावर छान दिसतं. पण त्यातली बदलती जागा, म्हणजे ठिकाणाचं नाव, आठही भागांत भरून बघितलं की तीन दोष दिसतात.

पहिला दोष व्याकरणाचा. 'पर्यंत' लागला की नामाचं सामान्यरूप होतं. 'कात्रजपर्यंत' सरळ आहे, पण पुढे 'शनिवारवाड्यापर्यंत', 'सदाशिव पेठेतल्या हौदापर्यंत', 'खडकवासल्यापर्यंत'. प्रत्येक भागात वाक्याची लांबी आणि ताल बदलतो. श्रोत्याला तेच वाक्य ऐकल्याचा भास होत नाही आणि साइन-ऑफचा सगळा उपयोग त्या भासातच असतो. दुसरा दोष अर्थाचा. कात्रजहून पेठांत आलेलं पाणी सहाव्या भागात खडकवासल्याला 'पोचू' शकत नाही, ते धरण वरच्या अंगाला आहे. तिसरा दोष सातव्या भागात आहे आणि तो सगळ्यात गंभीर. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि पाणी लोकांच्या घरात शिरलं. त्या दिवसाच्या कथनाशेवटी 'आजचं पाणी पोचलं अमुकपर्यंत' हे ऐकवत नाही.

आपल्या व्रतकथांच्या कहाण्या इथे फार शिकवून जातात. त्यांची सुरुवात 'ऐका महालक्ष्मी, तुमची कहाणी' अशी असते. बदलतं नाव संबोधनात, सुटं, वाक्याच्या व्याकरणापासून मोकळं ठेवलेलं. आणि शेवट 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' यात त्या विशिष्ट कहाणीतलं काहीच नाही, म्हणून तो कुठल्याही कहाणीला बसतो. बदलती जागा सुटी ठेवायची आणि न बदलणाऱ्या भागात त्या दिवसाचा मजकूर येऊ द्यायचा नाही.

त्या धड्यावरून दुसरा प्रयत्न: 'आजचा थांबा, काळा हौद. उतार अजून पुढे आहे.'

नाव आता मूळ रूपात येतं: शनिवारवाडा, खडकवासला, काळा हौद. आधीचा 'आजचा' आणि नंतरचा 'पुढे आहे' पहिल्या सहा भागांत तसेच राहतात. नावाच्या लिंगाचा प्रश्नही मिटतो, कारण 'आजचा' हे थांब्याला लागतं, ठिकाणाला नाही. 'कात्रज' असो वा 'मुठा', वाक्य हलत नाही. बसच्या भाषेतला थांबा शहरातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. सुरुवातीच्या 'आजचा पत्ता'शी तो जोडी करतो. आणि दुसरं वाक्य पालुपदातला उतार परत आणतं, तेच वाक्य न रेटता.

वेळ मोजून घ्या. सैलसर मराठी निवेदनात मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द जातात. हे आठ शब्द मधल्या विरामासह पाच सेकंदांच्या आसपास बसतात. वीस शब्दांच्या पुढे गेलेलं साइन-ऑफ लोक पुढे ढकलतात, कारण संपलं हे त्यांना आधीच कळलेलं असतं.

'लाईक करा, शेअर करा' कुठे घालायचं?

साइन-ऑफच्या आधी. साइन-ऑफनंतर एकही शब्द बोलू नका, निवेदकाचं नावही नाही. श्रेयनामावली, पुढच्या भागाची सूचना, आवाहन, सगळं आधी. एका भागात जरी साइन-ऑफनंतर काही आलं, तरी ते शेवटचं वाक्य राहत नाही आणि पुढच्या भागात ते ऐकताना श्रोता अजून काही येईल म्हणून थांबतो.

निवेदक बाई असेल किंवा मध्येच बदलला तर?

ठरलेल्या वाक्यांमध्ये 'मी' येऊ देऊ नका. 'मी सांगतो' आणि 'मी सांगते' यात वाक्य दुभंगतं, आणि तीन निवेदक असले की तीन वाक्यं होतात. 'शोधू', 'बघू' अशी रूपं किंवा क्रियापद वस्तूला जोडलेलं वाक्य ('उतार पुढे आहे') कुणाच्याही तोंडी बसतं.

'आपण' आणि 'आम्ही' यातला निर्णय एकदाच घ्या. श्रोत्याला सोबत घेऊन चाललेल्या मालिकेत 'आपण' हवा. लेखकांच्या चमूबद्दल बोलायचं असेल तेव्हाच 'आम्ही', आणि तेही सदरांच्या आत नको. श्रोत्याला 'तुम्ही'च म्हणा. जुन्या संहितेत एखाद्या तरुण लेखकाने 'तू' वापरला असेल तर तो भाग सबंध बदलावा लागतो, नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही. क्रियापदं, संबोधनं, गमतीचा सूर, सगळंच 'तू'च्या अंतराने लिहिलेलं असतं.

पुराच्या भागांत पालुपद ठेवायचं का?

सातव्या भागात नाही. 'आधी उतार शोधू' यात शोधाचा आनंद आहे आणि माणसं वाहून गेलेल्या दिवसाशी तो जुळत नाही. वाक्य मवाळ करून ठेवण्यापेक्षा पूर्ण गाळा. सहा भाग ऐकलेल्या श्रोत्याला ती जागा रिकामी जाणवते आणि ते योग्यच आहे. गाळलंय असं निवेदकाने सांगू नये.

साइन-ऑफचा पहिला अर्धा तिथे राहतो: 'आजचा थांबा, मुठेचा काठ.' दुसरा अर्धा नाही. संगीत असेल तर त्या भागात नाही. 'उच्छ्वास' हे सदरही त्या भागातून काढा, कारण आडगोष्टीला तिथे जागा नाही. 'आजचा पत्ता' आणि 'कागद काय सांगतो' मात्र नेहमीसारखेच ठेवा. ओळखीची दोन सदरं जागेवर असतील तर बाकीचं गाळूनही भाग मालिकेतलाच राहतो. सगळीच काढली तर तो वेगळा कार्यक्रम वाटेल.

आठव्या भागात, आंबिल ओढ्याच्या पुरात, निर्णय इतका सरळ नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्रीही माणसं गेली, पण त्या भागाचा मोठा हिस्सा ओढ्याची वाट कुठे अडली याचा आहे, आणि कात्रजचा तलाव त्याच ओढ्यावर बांधलेला असल्याने मालिकेचं वर्तुळही तिथे जुळतं. आमच्या मते तिथे पालुपद ठेवावं, पण रात्रीच्या वर्णनानंतर बऱ्याच अंतराने, ओढ्याचा नकाशा उलगडताना, आणि आवाज खाली ठेवून.

शेवटच्या भागाचं साइन-ऑफ वेगळं हवं का?

हो, पण थोडंसंच: पहिला शब्द बदला आणि दुसरं वाक्य गाळा. 'शेवटचा थांबा, आंबिल ओढा.' एवढंच. 'उतार अजून पुढे आहे' म्हटलं तर श्रोता नववा भाग शोधेल. मालिका पुन्हा सुरू होण्याची शक्यता असेल तरी ते वाक्य राखून ठेवा, नव्या पर्वाच्या पहिल्या भागाशेवटी ते ऐकताना त्याचं वजन वाढलेलं असेल.

ठरलेली वाक्यं सगळ्या फायलींत जशीच्या तशी आहेत, हे कसं तपासायचं?

एक वेगळी फाईल करा, फार तर अर्ध्या पानाची. तिच्यात तीन सदरांची नावं, पालुपद, साइन-ऑफ, बदलत्या जागेत आठही भागांत येणारी नावं आणि अपवादांची यादी. वाक्यं तिथूनच उचलून चिकटवा, पुन्हा टाईप करू नका. पुन्हा टाईप केलं की 'पुढे आहे'चं 'पुढं आहे' होतं, 'थांबा'नंतरचा स्वल्पविराम जातो, आणि तीन निवेदक तीन तऱ्हांनी वाचतात.

संहिता साध्या टेक्स्ट फायलींत असतील तर टर्मिनलमध्ये दोन आज्ञा पुरतात:

```
grep -L "उतार अजून पुढे आहे" bhag-*.txt
grep -o "आधी उतार शोधू" bhag-*.txt | sort | uniq -c
```

पहिली आज्ञा ज्या फायलींत साइन-ऑफचं दुसरं वाक्य नाही त्यांची नावं देते. इथे सातवी आणि आठवी एवढ्याच दिसायला हव्यात. दुसरी प्रत्येक फायलीत पालुपद किती वेळा आलं ते दाखवते: सातवी यादीत नको, बाकी सगळीकडे १.

वाक्य डोळ्यांना दिसतं आणि शोधात सापडत नाही, असं झालं तर दोन कारणं बघा. एक, वाक्य दोन ओळींत तुटलेलं आहे, आणि grep ओळीओळीने बघतं. दोन, अक्षरं वेगळ्या पद्धतीने टाईप झालेली आहेत. 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांतला अर्धा र वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या सांकेतिक चिन्हांनी बनतो, दिसतो मात्र सारखाच. त्यामुळे ठरलेल्या वाक्यांत 'ऱ्य' येणारे शब्द टाळलेलेच बरे.

एकदा रेकॉर्ड केलेलं साइन-ऑफ सगळ्या भागांना जोडलं तर?

जोडू नका. बदलतं नाव असल्याने ते तसंही शक्य नाही, पण नाव नसतं तरी नको. वेगळ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगला खोलीचा वेगळा आवाज असतो, पंख्याचा, रस्त्याचा. जोडकामाची जागा हेडफोनवर स्पष्ट कळते. शेवटची दोन वाक्यं त्याच भागाच्या सलग वाचनात घ्या. त्याआधी निवेदकाला पहिल्या भागाचं साइन-ऑफ ऐकवा, म्हणजे वेग आणि पट्टी जुळते.

वाक्य निवडतानाच मायक्रोफोनचाही विचार करा. प, फ, ब, भ यांनी सुरू होणारा जोरकस शब्द जवळच्या माईकवर फटका देतो. 'पुढची वाट'चा पहिला प धोक्याचा होता. 'आजचा थांबा'ची सुरुवात स्वराने होते, त्यामुळे हळू आवाजातही ती स्वच्छ येते.

प्रमाणभाषा ठेवायची की बोलण्यातली?

ठरलेली वाक्यं बोलण्यातली ठेवा. 'कागद काय सांगतो' या सदरात मूळ कागदातली वाक्यं मात्र जशी आहेत तशी वाचा, सुलभ करू नका. मोडी कागदावरून उतरलेल्या मजकुराची भाषा आणि निवेदकाची भाषा यांतला फरक हीच त्या सदराची ओळख होते. श्रोत्याला अवघड जाईल असं वाटलं तर मूळ वाक्य वाचून झाल्यावर एका वाक्यात अर्थ सांगा, नेहमी त्याच क्रमाने.

तीन भाग प्रसिद्ध झाल्यावर वाक्य बदलावंसं वाटलं तर?

सदराचं नाव बदलता येतं, चौथ्या भागापासून, काहीही न सांगता. फार थोड्यांच्या लक्षात येईल. पालुपद बदलू नका. अगदीच विटलं असेल तर दोन भाग गाळा आणि मग ऐकून बघा, बहुतेक वेळा ते जागा चुकल्यामुळे विटलेलं असतं. साइन-ऑफ बदलायचंच असेल तर आधीच्या तीन भागांची शेवटची दहा सेकंदं पुन्हा रेकॉर्ड करून फायली बदला. आठ भागांच्या मालिकेत लोक कुठूनही ऐकायला सुरुवात करतात आणि मग मागे जातात, म्हणून जुन्या भागांतलं वेगळं साइन-ऑफ त्यांना नंतर भेटतं आणि मालिका अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटते.